दम बिर्याणी: खाली करपते आणि वर कच्ची राहते. थर, कणीक, तवा आणि आच यांचं गणित

हरिपूरकर
मंडळी, दम बिर्याणीचं एक कोडं सुटत नाहीये म्हणून धागा काढला. माप आधीच सांगून टाकतो. हाडासकट एक किलो चिकन, पाऊण किलो जुना बासमती. भगुलं जर्मनचं, जाड बुडाचं, तोंडाला २४ सेंटिमीटर आणि खोलीला १४. घरचा तीन बर्नरचा गॅस. चिकन मसाल्यात शिजवून घेतो, वर अर्धाकच्चा भात, झाकणाला कणीक, भगुल्याखाली तवा आणि गॅस पहिल्यापासून अगदी बारीक. ४५ मिनिटांनी उघडलं की वरची शितं आतून टणक आणि खालचा मसाला बुडाला धरलेला. वेळ कमी केला तर वरचा भात आणखी कच्चा राहतो, वाढवला तर खाली कोळसा. बिघडतंय कुठं? आचेत, तव्यात की थरात?

कोयनाकाठची
दादा, तवा पातळ असणार. बिडाचा जाड तवा घ्या, मग करपायचा प्रश्नच येत नाही. कणकेऐवजी मैदा घ्या, अर्धा किलोचा गोळा जाडजूड लावा. आणि ४५ मिनिटं कमीच पडतात, तासभर ठेवायचं. बारीक गॅसवर तासभर ठेवलं तरी काही होत नाही.

मिरजेचा_बावर्ची
थांबा ताई, तास लावला तर त्यांच्या भगुल्याचं बूड घासायला दुसरा तास लागेल. 🙂

हरिपूरकर, आधी तीन गोष्टी सांगा. भाताचा थर द्यायच्या आधी मसाला किती घट्ट असतो? तवा तापवून घेता की गारच ठेवता? आणि दमावर असताना कणकेच्या कडेनं कुठून वाफ निघताना दिसते का?

हरिपूरकर
चाचा, मसाला तेल सुटेपर्यंत परततो, अंगाबरोबर घट्ट. तवा गारच, भगुलं आणि तवा एकदमच गॅसवर चढतात. वाफ एका बाजूनं निघते, झाकण तिथं थोडं चेपलेलं आहे.

मिरजेचा_बावर्ची
मग तिन्ही ठिकाणी गळती आहे. एकेक बघू.

खाली ओल आहे तोवर बूड करपत नाही. पाणी आहे तोवर तिथली उष्णता उकळत्या पाण्याच्या फार वर जात नाही. ओल संपली की बूड भराभर तापतं आणि आधी कांदा धरतो, मग दही, मग काजूची पेस्ट घातली असेल तर ती. तुमच्याकडं मसाला आधीच सुका, त्यात चेपलेल्या झाकणातून वाफ बाहेर. म्हणजे होती नव्हती ती ओलही उडाली. अशा वेळी खाली बिडाचा तवा असो नाहीतर फरशी, धरणारच. तवा आच पसरवतो, पाणी तयार करत नाही.

वरचा भात कच्चा राहण्याचं कारण वेगळं. गार तवा आणि बारीक गॅस यावर भगुलं चढवलं की पहिली १५-२० मिनिटं तवा आणि बूड तापण्यातच जातात. वाफ वरपर्यंत पोचतच नाही. घड्याळात ४५ मिनिटं झालेली असतात, पण वरच्या भाताला खरा दम जेमतेम वीस मिनिटं मिळालेला असतो, तोही गळक्या झाकणाखाली. म्हणून आधी मोठ्या आचेवर वाफ भरायची, मग तव्यावर ती नुसती टिकवायची.

तुमच्याच मापात सांगतो.

चिकन साधारण पाऊण शिजलं की थांबा. मसाला सैल हवा. भगुलं जरा तिरकं केलं की एका बाजूला रस जमलेला दिसला पाहिजे. एका किलोला २५० ते ३०० मिली रस पुरतो. कमी असेल तर गरम पाणी घालून एक उकळी काढा. जास्त असेल तर आटवा, नाहीतर खालच्या भाताचा गिचका होतो. मीठही इथंच चाखून बघा, नंतर हात घालता येत नाही.

तांदूळ अर्धा तास भिजवून पूर्ण निथळा. पाच लिटर पाणी, त्यात ७५-८० ग्रॅम मीठ. पाणी चाखल्यावर खारट लागलं पाहिजे, कारण त्यातलं बरंचसं ओतूनच द्यायचं आहे. तांदूळ घातल्यावर परत उकळी आली की तिथून वेळ मोजा. साडेतीन-चार मिनिटांनी झाऱ्यानं अर्धा भात काढा, हा खाली जाणार. उरलेला आणखी दीड मिनिट ठेवून काढा, हा वर जाणार. खालच्या भाताला मसाल्याची ओल आणि बुडाची आच दोन्ही मिळतात, वरच्याला फक्त वाफ. सगळा भात एकाच वेळी उपसला की दोघांपैकी एक बिघडतोच.

मिनिटांवर फार जाऊ नका, तांदूळ किती जुना त्यावर ती बदलतात. एक शीत अंगठा आणि बोटात दाबा. खालच्या भाताच्या शिताचे दोन-तीन तुकडे पडावेत आणि मध्ये पांढरा कण स्पष्ट दिसावा. वरच्यात तो कण केसाएवढा उरलेला असावा.

भात गार पाण्यानं धुवायचा नाही, ताटात पसरून वाळवायचाही नाही. झाऱ्यातून पाच-सहा सेकंद निथळला की गरमच थरात जाऊ दे. त्याच्या अंगावरची ओलच पुढं वाफ होते.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून हजेरी. चाचा, थर कसे देता तेही सविस्तर सांगा. बरेच जण मसाला-भात-मसाला-भात असे चार-पाच थर चढवतात आणि मध्येच ओला पट्टा पडतो.

मिरजेचा_बावर्ची
बरोबर धरलंत. मधल्या थरात रस नको. एवढ्या भगुल्यात मी असं करतो: बुडाला दोन चमचे तूप फिरवायचं, त्यावर सगळा रस आणि दोन तृतीयांश चिकन. तुकडे एकावर एक न रचता पसरून. त्यावर अर्धा भात. मग उरलेले तुकडे रस निथळून, थोडा तळलेला कांदा, पुदिना, कोथिंबीर. त्यावर जास्त शिजलेला भात. सगळ्यात वर तळलेला कांदा, दोन-तीन चमचे तूप आणि अर्धी वाटी कोमट दुधातलं केशर. दूध एकाच जागी ओतू नका, तिथला भात लगदा होतो.

मध्ये रस ओतला की तिथला भात चिकटून पापुद्रा होतो आणि खालची वाफ त्याला अडते. वरचा भात कच्चा राहण्याचं हेही एक कारण.

भात उलथन्यानं थापायचा नाही. हलक्या हातानं सोडायचा आणि शेवटी डावाच्या दांड्यानं पाच-सहा भोकं पाडायची, मसाल्यापर्यंत. वाफेला वाट मिळते. भगुलं काठोकाठ भरू नका. तुमच्या मापाला सगळं मिळून नऊ-साडेनऊ सेंटिमीटर चढेल, वर चार-साडेचार मोकळे राहतील, म्हणजे भांडं अगदी बरोबर आहे. हेच तीस सेंटिमीटरच्या पसरट पातेल्यात केलं तर थर पातळ होतो, बूड जास्त आणि उंची कमी. ते लवकर सुकतं.

वाईची_सुगरण
छान माहिती. मी मसालेभात कुकरला दोन शिट्ट्या काढून करते, तो कधी खाली लागत नाही. बिर्याणीलाही शिट्टी काढून बारीक गॅसवर पाच मिनिटं ठेवलं तर चालेल ना? कणकेचा खटाटोप वाचेल.

अजिंक्यतारा
ताई, मसालेभाताला तांदूळ आणि पाणी मोजून एकत्र घालतो, इथं भात आधीच सत्तर टक्के शिजलेला असतो. शिट्टी होईस्तोवर दाबाखाली तो मोडेल. कुकर वापरायचाच तर शिट्टी काढून ठेवा आणि ते भोक कणकेनं बुजवा. रबरी रिंग असते म्हणून कडेला कणीक लागत नाही. पण मग कुकर नुसतं घट्ट झाकणाचं जाड भांडं म्हणून वापरायचा आणि आच फक्त दमाएवढीच ठेवायची. गॅस मोठा ठेवून भोक बुजवलं तर आत दाब चढेल, ते धोक्याचं आहे.

मिरजेचा_बावर्ची
मी तर म्हणेन कुकरचं भोक बुजवूच नका. भगुलं घ्या, चेपलेलं झाकण बदला, विषय संपला.

आता कणीक. २४ सेंटिमीटर तोंडाचा घेर साधारण ७५ सेंटिमीटर भरतो. त्याला दीडशे ग्रॅम कणीक आणि ८० मिलीच्या आसपास पाणी पुरतं, अर्धा किलो मैदा कशाला? मैदा वाईट नाही, जास्त चिवट राहतो इतकंच. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळायची आणि १० मिनिटं मुरू द्यायची. न मुरलेली कणीक लांबवताना तुटते. मग तर्जनीएवढी जाड दोरी वळायची.

दोरी लावायच्या आधी भगुल्याची कड कोरड्या फडक्यानं पुसा. तुपाचं बोट जरी लागलेलं असलं तरी कणीक तिथं धरत नाही आणि नेमकी तिथूनच वाफ फुटते. दोरी कडेवर फिरवली की टोकं एकमेकांवर दोन बोटं चढवून दाबायची. झाकण वरून सरळ खाली दाबायचं, फिरवायचं नाही. फिरवलं की दोरी आत सरकते आणि कणकेचे तुकडे भातात पडतात. वर खलबत्ता नाहीतर पाण्याचं पातेलं ठेवा, वजन दोन-तीन किलो पुरे.

दमावर असताना कुठून वाफ निघालीच तर गॅसवरून उतरवू नका. मुठीएवढी कणीक बाजूला राखून ठेवलेली असावी, ओल्या बोटानं तिथं दाबायची. बोट सांभाळून, वाफेचा चटका वाईट.

कोयनाकाठची
बरं, मैद्याचं मानलं. पण तव्याचं काय? बिडाचा तवा जाड असतो म्हणून आच सारखी लागते हे तरी खरं ना?

मिरजेचा_बावर्ची
ते खरं. गॅसच्या बर्नरची ज्योत गोल कड्यासारखी लागते. पातळ बुडाच्या भांड्यात अगदी तसंच गोल कडं करपलेलं दिसतं आणि मधला भाग ठीक असतो. तवा ती आच पसरवतो. म्हणून तवा भगुल्याच्या बुडापेक्षा मोठा हवा आणि बुडाला टेकणारा हवा. खोलगट तव्यावर सपाट बुडाचं भांडं ठेवलं तर फक्त कडा टेकतात, मध्ये हवेची फट राहते. आच बुडाच्या मधोमध पोचत नाही आणि कडा तेवढ्या तापतात. सपाट तवा, किंवा जुन्या डोशाच्या तव्याचा उपयोग करा. नॉनस्टिक तवा मात्र रिकामा तापवायला घेऊ नका, त्याचा लेप खराब होतो.

पण जाड तव्याचं एक आहे. गॅस बंद केल्यावरही तो बराच वेळ तापलेला राहतो. बिडाच्या तव्यावर भगुलं तसंच ठेवून मुरवत बसलात तर ती मुरवण नव्हे, दमच चालू आहे. गॅस बंद केला की भगुलं तव्यावरून उचलून लाकडी पाटावर ठेवा. किंवा गॅस पाच मिनिटं आधी बंद करा आणि तव्यावरच राहू द्या. दोन्हीतलं एक, दोन्ही नाही.

हरिपूरकर
चाचा, मग आचेचा क्रम नक्की कसा? मिनिटांसकट सांगा.

मिरजेचा_बावर्ची
सीलबंद भगुलं थेट गॅसवर, तव्याशिवाय. ज्योत मध्यमपेक्षा थोडी मोठी, पण बुडाबाहेर यायला नको. पाच ते सात मिनिटं. त्याच वेळी दुसऱ्या बर्नरवर तवा मध्यम आचेवर तापू द्या. मग भगुलं तापलेल्या तव्यावर सरकवा आणि गॅस सगळ्यात बारीक. छोट्या नाही, मधल्या बर्नरवर. २० मिनिटं. गॅस बंद, भगुलं पाटावर, १५ मिनिटं झाकण उघडायचं नाही.

वाफ भरली हे कसं कळतं ते महत्त्वाचं, कारण तुमच्या गॅसचा मोठा आणि माझ्या गॅसचा मोठा सारखा नसतो. झाकणाच्या मध्यावर बोट ठेवून बघा. बोट टेकताक्षणी मागं घ्यावं लागलं की वाफ वर पोचली. कणकेची आतली कडाही फिकट होऊन घट्ट दिसायला लागते. सात मिनिटांनी झाकण नुसतं कोमट असेल तर आणखी दोन-तीन मिनिटं द्या, मगच तवा.

दुसरी खूण कानाची. झाकणाजवळ कान न्या, भाजणार नाही इतक्या अंतरावर. मसाल्यात ओल असताना आतून मंद रटरट ऐकू येते. ती थांबून कोरडी चरचर सुरू झाली तर बूड सुकलं. तिथं घड्याळ बघायचं नाही, लगेच गॅस बंद करायचा. करपट वास यायच्या आधी ही चरचर दोन-तीन मिनिटं तरी मिळते, तेवढ्यात उतरवलं तर बिर्याणी वाचते.

चुलीवरची_चव
आमच्याकडं पुढच्या महिन्यात तासगावला वास्तुशांतीनंतरचं जेवण आहे, ८० माणसं. १० किलो चिकन, ८ किलो तांदूळ, चुलीवर. तवा कुठला आणणार एवढा मोठा? आणि कणकेची दोरी पुरेल का?

मिरजेचा_बावर्ची
चुलीवर तवा नकोच. तिथं लाकडं ओढून घ्यायची आणि निखारे पसरायचे, तेच तव्याचं काम करतात. वाफ भरेपर्यंत लाकडाची धग, इतक्या मालाला १५-२० मिनिटं लागतील. मग सगळी लाकडं बाहेर, खाली निखाऱ्याचा पातळ थर आणि झाकणावर खालच्यापेक्षा जास्त निखारे. गॅसवर वरून आच देता येत नाही, चुलीवर देता येते, हा चुलीचा मोठा फायदा. वरून आच मिळाली की झाकणाला वाफेचे थेंब धरत नाहीत आणि वरचा भात मोकळा राहतो. ३० ते ४० मिनिटं.

पण एकाच देगीत १० किलो पहिल्यांदाच घालणार असाल तर दोन पातेली करा, पाच-पाच किलोची. थर फार उंच झाला की खालचा भात वरच्या वजनानं दबतो. आणि जेवायला दोन तास असताना दम उघडून ठेवू नका. चिकन आहे, कोमट अवस्थेत ताटकळत ठेवणं बरं नाही. पंगत बसायच्या तासभर आधी दमाला लावा.

दोरी पुरेल हो. घेर मोजा, त्या हिशोबानं कणीक घ्या.

कासची_हवा
कच्चं चिकन मुरवून थेट खाली घालून करतात, त्याला काय आच द्यायची? आमच्याकडं एक जण म्हणतो की कच्चं आहे म्हणून सुरुवातीपासून बारीकच ठेवायचं, म्हणजे हळूहळू शिजतं.

मिरजेचा_बावर्ची
उलट. कच्च्या चिकनचं पाणी सुटायलाच वेळ लागतो, म्हणून सुरुवात मोठ्या आचेवर आणि जास्त वेळ. फ्रिजमधून काढलेलं गार चिकन तसंच खाली घालू नका, अर्धा तास बाहेर राहू दे. एका किलोला थेट गॅसवर १२ ते १५ मिनिटं, वाफ वर येईपर्यंत. मग तापलेल्या तव्यावर ४० मिनिटं, मुरायला पंधरा. भातही वेगळा: खालचा अर्धाच शिजलेला घ्या, कारण चिकनचं पाणी आणि दही दोन्ही त्याला मिळणार आहेत. दही फडक्यात बांधून पाणी काढलेलं घ्या. पातळ दही घातलं की तळाला सूप होतं.

मटण असेल तर कच्ची पपई लागते, किलोला दोन चमचे वाटण, चार-सहा तास मुरवायचं. पपई जास्त झाली किंवा रात्रभर ठेवली तर मटणाचा भुगा होतो. दम तास-सव्वा तास. पहिल्यांदा करणाऱ्यानं मटण कच्चं घालूच नये असं माझं मत. झाकण उघडल्यावर मटण चिवट निघालं तर परत शिजवायला भाताची वाट लावावी लागते.

अजिंक्यतारा
एक मतभेद नोंदवतो. झाकणाखाली सुती फडकं बांधावं असं माझं म्हणणं. वाफेचे थेंब फडकं शोषतं, परत भातावर पडत नाहीत. चाचा फडक्याबद्दल काहीच बोलले नाहीत.

मिरजेचा_बावर्ची
बोललो नाही कारण मला ते आवडत नाही. फडकं ओल शोषतं ते खरं, पण ती ओल वरच्या भाताला हवी असते. भात सत्तर टक्क्यांवर काढला असेल तर फडकं बांधल्यानं वरची शितं कोरडी राहतात. भात ऐंशीच्या पुढं गेला असेल तर फडकं बरं. शिवाय फडक्याच्या कडेवर कणीक नीट धरत नाही.

अजिंक्यतारा
फडकं बांधायचं तर कणीक लावायचीच नाही, फडक्याचे पदर झाकणावर गाठीत बांधायचे, वर वजन. पदर ज्योतीकडे लोंबू द्यायचे नाहीत. मी तरी फडक्याच्याच बाजूनं. भात ऐंशी टक्क्यांवरच काढतो आणि दम १५ मिनिटंच देतो.

मिरजेचा_बावर्ची
मग तुमचा हिशोब तुमच्यापुरता बरोबर आहे. माझा भात कमी शिजलेला असतो म्हणून मला वाफ सगळी आत हवी.

महाबळेश्वरचा_पाहुणा
आमच्याकडं सगळीच मिनिटं बिघडतात. उपसलेला भात नेहमीच जास्त टणक असतो, दमावरही वेळ लागतो. भगुलं, तांदूळ तेच.

अजिंक्यतारा
उंचीचा परिणाम. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर आहे, तिथं पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं. म्हणून भात उकळायला दीड-दोन मिनिटं जास्त द्या आणि दम पाच-सात मिनिटांनी वाढवा. आच वाढवून काही होणार नाही, मोठ्या आचेवर पाणी नुसतं लवकर आटेल, जास्त गरम होणार नाही. मिनिटांपेक्षा शीत दाबून बघण्यावर भर द्या.

कोयनाकाठची
आणखी एक. आजरा घनसाळ किंवा इंद्रायणी घेतला तर चालतो का? बासमती महाग पडतो.

मिरजेचा_बावर्ची
चव छान येईल, पण थर मोकळे राहणार नाहीत. हे दोन्ही तांदूळ मऊ आणि चिकट होतात. दोनच थर द्या आणि भात साठ टक्क्यांवर काढा. उकळायला मिनिट-दीड मिनिट कमी लागेल. घनसाळाचा स्वतःचा वास इतका छान असतो की केवडा-बिवडा घालून तो मारू नका.

हरिपूरकर
करून बघितलं. मसाला सैल ठेवला, भात दोन वेळा उपसला, आधी सात मिनिटं थेट गॅसवर, मग तापल्या तव्यावर वीस. बूड स्वच्छ, रस थोडा उरलेला. वरचा भातही शिजला, फक्त एका बाजूला तळहाताएवढ्या जागेत शितं जरा कडक. झाकण तेच जुनं होतं, पण कणीक जाड लावल्यानं वाफ दिसली नाही. आता उपाय काय? आणि मुरवताना १५ मिनिटांऐवजी अर्धा तास राहिलं तर बिघडतं का?

मिरजेचा_बावर्ची
एका बाजूला कडक म्हणजे एकतर भगुलं बर्नरच्या मधोमध नाही, किंवा शेगडी त्या बाजूला कललेली आहे आणि रस दुसऱ्या बाजूला धावतोय. एका सपाट थाळीत थोडं पाणी घालून शेगडीवर ठेवा, पाणी कुठं पळतं ते दिसेल. तोपर्यंत तव्यावर असताना दर पाच मिनिटांनी भगुलं पाव वळसा फिरवा, झाकण न हलवता. आणि पुढच्या वेळी ते झाकण बदलाच, कणीक किती दिवस लपवणार?

त्या तळहाताएवढ्या जागेसाठी: उघडल्यावर कच्चं सापडलं तर तिथं तीन-चार चमचे गरम दूध किंवा पाणी शिंपडा, झाकण लावा आणि तापल्या तव्यावर पाच-सात मिनिटं. पण बूड ओलं असेल तरच. बूड सुकलेलं असेल तर वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढून तिथं वाफवा. करपलेलं खरवडायचं नाही, पाणी तर अजिबात ओतायचं नाही, नाहीतर करपट वास सगळ्या भाताला लागतो.

अर्धा तास चालेल, पण पाटावर, तव्यावर नाही. मुरण्याचा वेळ असतो शिताच्या आतली आणि बाहेरची ओल सारखी व्हायला. लगेच उघडलं तर वाफ एकदम सुटते, शीत वरून सुकतं आणि वाढताना मोडतं. १५ मिनिटांत ते आवळतं. पाऊण तासाच्या पुढं मात्र गार होत चाललेल्या झाकणावरचे थेंब खाली पडतात आणि वरचा थर ओलसर होतो, खालचाही रस पिऊन फुगतो.

वाढताना मधोमध डाव खुपसू नका. कडेनं सपाट झारा किंवा बशी सरळ बुडापर्यंत घालून एका बाजूनं उचला, म्हणजे प्रत्येक ताटात तिन्ही थर येतात आणि शितं मोडत नाहीत.

कासची_हवा
इंडक्शनवर हे सगळं कसं करायचं? जर्मनचं भांडं तर त्यावर चालतच नाही.

अजिंक्यतारा
जर्मनचं थेट चालणार नाही, पण लोखंडी किंवा बिडाचा सपाट तवा इंडक्शनवर ठेवून त्यावर भगुलं ठेवता येतं, कारण तापतो तो तवा. सुरुवातीची मोठी आच मात्र तव्यावरूनच द्यावी लागेल, वेळ वाढेल. आणि काही शेगड्या अगदी कमी आचेला सलग तापत नाहीत, चालू-बंद होत राहतात. त्यात बूड कसं वागतं हे शेगडीगणिक वेगळं. कुणी नियमित करत असेल तर पुढं लिहा, वॅट आणि मिनिटं दोन्ही.